साइन की टॅन: एका फळीने घेतलेली माझी परीक्षा

भाचीला दहावीनंतरच्या सुट्टीत घर्षणाचा प्रयोग करायचा होता. एक फळी, एक लाकडी ठोकळा, फळीचं एक टोक हळूहळू वर उचलायचं, ठोकळा घसरायला लागला की थांबायचं आणि कोन मोजायचा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षण गुणांक. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. चार दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस फक्त माझ्या चुकीपायी गेला.

फळी बरोबर 100 सेंटीमीटर लांब होती. एका बाजूला गुळगुळीत लॅमिनेट, दुसरी बाजू कोरं लाकूड. ठोकळा 500 ग्रॅमचा. कोनमापकाने कोन मोजायला गेलो तर हात हलायचा आणि दोन-तीन अंश इकडेतिकडे व्हायचे. म्हणून मी युक्ती काढली: कोन मोजायचाच नाही, फळीच्या वरच्या टोकाची टेबलापासून उंची मोजायची. लांबी 100 आहे, मग उंचीला 100 ने भागलं की झालं. 22 सेंटीमीटर म्हणजे 0.22. गणित तोंडी होतं म्हणून मी खूशही होतो.

लॅमिनेटच्या बाजूवर ठोकळा 22 सेंटीमीटरच्या आसपास सुटला. पडताळणीसाठी फळी आडवी ठेवली, ठोकळ्याला ताणकाटा लावला आणि तो हलेपर्यंत आडवा ओढला. ओढ जमिनीला समांतर ठेवायची, वर खेचली तर ठोकळ्याचा फळीवरचा दाब कमी होतो आणि आकडा खोटा येतो. शिवाय वाचायचा तो सुटण्याच्या क्षणाचा सर्वांत मोठा आकडा, कारण ठोकळा सुटताच काटा मागे येतो. 110 ते 115 ग्रॅम आले. 110 भागिले 500, म्हणजे 0.22. दोन्ही पद्धती जुळल्या, वहीत बरोबरची खूण झाली.

मग फळी उलटी केली. कोऱ्या लाकडावर आकडे आधी फार नाचले: 36, 49, 40, 47. हाताने उचलताना बसणारे बारीक हिसके ठोकळ्याला वेळेआधीच सोडवत होते, आणि ठोकळ्याच्या तळाला वारंवार बोटं लागून तो मळला होता. तळ कोरड्या फडक्याने पुसला, फळीच्या टोकाला दोरी बांधून ती वरच्या दांड्यावरून घेतली आणि सावकाश ओढली, ठोकळा दर वेळी पेन्सिलीने आखलेल्या त्याच जागी ठेवला. आता दहा वेळांत उंची 40 ते 44 च्या आत राहिली, सरासरी 42. म्हणजे माझ्या हिशेबाने 0.42.

ताणकाटा मात्र 230 ग्रॅम सांगत होता. 0.46.

पुन्हा केलं. 225, 235, 230. ताणकाट्याचं शून्य तपासलं, फळी आडवी आहे का ते पाहिलं, ठोकळा परत तोलला. मी ताणकाट्याला दोष देत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, पुस्तकात टॅन आहे. तू उंचीला फळीच्या लांबीने भागतोयस. ते साइन झालं ना?”

झालं होतं खरं. फळी म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. उंचीला कर्णाने भागलं की साइन मिळतो. टॅन हवा असेल तर उंचीला टेबलावरच्या आडव्या अंतराने भागायला हवं. ओळंबा सोडून वरच्या टोकाखालची जागा टेबलावर खूण केली आणि टेप लावली: 91 सेंटीमीटर. 42 भागिले 91 म्हणजे 0.46. ताणकाटा बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

मग लॅमिनेटवर चूक का पकडली गेली नाही? कारण कोन लहान होता. तिथे साइन 0.220 आणि टॅन 0.226. एवढा फरक आमच्या ताणकाट्याच्या काट्याला दिसणं शक्यच नव्हतं. कोन जसा वाढतो तसे दोघे वेगळे होत जातात, आणि 25 अंशांजवळ ते लपून राहत नाहीत. चुकीची पद्धत सोप्या उदाहरणावर तपासली की ती बरोबर ठरते, हा अनुभव मला पन्नाशीत आला.

भाचीचा खरा प्रश्न पुढचा होता. “पण टॅनच का? घसरवणारं बल तर साइनचंच आहे.”

अर्धी गोष्ट तिने बरोबर सांगितली होती. ठोकळ्याचं वजन mg सरळ खाली ओढतं. फळी θ कोनात तिरकी असेल तर त्या वजनाचा mg sin θ एवढा भाग उताराच्या दिशेने जातो. पण उरलेला mg cos θ फळीवर दाबतो, आणि घर्षणाची ताकद त्या दाबावरच अवलंबून असते. जास्तीत जास्त घर्षण म्हणजे घर्षण गुणांक μ गुणिले तो दाब. फळी उचलली की दोन गोष्टी एकदम होतात: ओढणारं बल वाढतं आणि धरून ठेवणाऱ्याची पकड सैल होते. माझ्या साइनच्या हिशेबात दाब सगळा वेळ पूर्ण 500 ग्रॅमच राहतो असं गृहीत होतं. प्रत्यक्षात 25 अंशांवर तो 454 ग्रॅमच उरतो. सुटण्याच्या क्षणी दोन्ही बाजू बरोबरीत येतात:

mg sin θ = μ mg cos θ, म्हणून μ = tan θ

mg दोन्हीकडून उडून जातं, हे आम्ही लगेच करून पाहिलं. ठोकळ्यावर 500 ग्रॅमचं वजन चिकटवलं. ताणकाट्यावर ओढ दुप्पट झाली, 460 च्या आसपास, पण फळीवर तो त्याच 42 सेंटीमीटरला सुटला.

मला स्वतःला पटलं ते मात्र दुसऱ्या चित्राने. फळी ठोकळ्याला दोन प्रकारे आधार देते, लंब दिशेने दाब आणि पृष्ठभागालगत घर्षण. दोन्ही मिळून एकच बल धरा. ठोकळा स्थिर असेल तर ते बल वजनाच्या बरोबर उलट, सरळ वर असायला हवं. आता घर्षण हे दाबाच्या μ पटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणजे हे एकत्रित बल फळीच्या लंबापासून ठरावीक कोनापर्यंतच कलू शकतं, आणि त्या कोनाचा टॅन μ असतो. फळी जितकी तिरकी कराल तितकाच तिचा लंब उभ्या रेषेपासून ढळतो. तो त्या मर्यादेपलीकडे ढळला की सरळ वर आधार देणं फळीला जमतच नाही. मग फळीचा कोन तोच घर्षणाचा कोन असतो, हे बघायला बलांचे घटकही पाडावे लागत नाहीत.

आणखी एक गंमत झाली. संपर्काचं क्षेत्रफळ बदललं तर कोन बदलतो का, ते पाहायला ठोकळा उभा ठेवला. तळाशी 4 सेंटीमीटर रुंद, उंची 12. फळीचं टोक 31–32 सेंटीमीटरवर गेलं आणि ठोकळा सुटला! भाचीने वहीत 0.33 लिहिलंसुद्धा. पण तो घसरला नव्हता, कलंडला होता. 4 भागिले 12 म्हणजे 0.33. वजनाची रेषा तळाच्या खालच्या कडेबाहेर गेली की ठोकळा उलटतो, तिथे घर्षणाचा काही संबंध नाही. तो आकडा ठोकळ्याच्या आकाराचा होता, लाकडाचा नव्हता. पुढे त्याला कुशीवर आडवं टाकलं, तेव्हा तो पुन्हा 42 च्या आसपासच घसरला.

घसरला की थांबत नाही, हेही तेव्हा नीट पाहिलं. फळी त्याच कोनात होती, तरी ठोकळा वेग घेत खाली यायचा. कारण चालू असताना लागणारं घर्षण कमी असतं. फळी थोडी उतरवली, टिचकी मारून ठोकळ्याला चालना दिली आणि तो एकसारख्या वेगाने जाईल अशी उंची शोधली. ती आली 33 सेंटीमीटर, म्हणजे गतिक घर्षण गुणांक 0.35. पुस्तकातल्या कोष्टकातला आकडा आपल्याशी जुळत नसेल तर आधी तो कोणता गुणांक आहे ते पाहावं. आम्ही आमचाही आकडा 0.46 एवढाच लिहिला. उंची 40 ते 44 मध्ये हलत असताना 0.4628 लिहिणं म्हणजे थाप मारणं.

शेवटच्या दिवशी वाळू. कोरडी वाळू नरसाळ्यातून एकाच जागी सोडली की शंकू तयार होतो. आमच्या ढिगाची उंची 10, तळाची त्रिज्या 15: टॅन 0.67, कोन 34 अंशांच्या जवळ. आणखी वाळू ओतली, ढीग मोठा झाला, पण उतार तोच राहिला. उतारावरचा कण म्हणजे एक छोटा ठोकळाच, आणि त्याचंही वजन समीकरणातून उडून जातं. हाच वाळूचा विराम कोन, अँगल ऑफ रिपोज. नीट पाहिलं तर तो कोन चोख एक नसतो. उतार थोडा जास्त चढतो, मग एक पापुद्रा सरकतो आणि एक-दोन अंश खाली येऊन थांबतो. ठोकळ्याच्या 42 आणि 33 चीच ही धाकटी भावंडं.

फक्त इथल्या 0.67 ला दोन कणांच्या पृष्ठभागांमधला घर्षण गुणांक म्हणू नये. कण एकमेकांच्या खाचांत अडकतात, त्यांना आधी वर चढून मग सरकावं लागतं, आणि ते सगळं या आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून गोल काचमण्यांचा ढीग बसका होतो आणि टोकदार खडीचा उभट.

भाचीने मग वाळूवर पाणी शिंपडलं आणि पट्टीने ढिगाची एक बाजू तासली. कडा सरळ उभी राहिली. पाण्याने कण एकमेकांना चिकटतात, आणि ही चिकटण्याची ताकद दाबावर अवलंबून नसते, त्यामुळे समीकरणातून mg उडतच नाही आणि छोटी कडा टिकते, मोठी कोसळते. हे मी समजावेपर्यंत तिने कॅल्क्युलेटरवर tan 90 दाबलं होतं. “मामा, घर्षण गुणांक Error आला.”