शब्दसमूहांची वही : 'जि-जि', 'मु-मु'च्या शब्दांत शिरताना

मागच्या नोंदीत 'अ-' आणि 'अन्-'ने सुरू होणारे शब्द आवरून ठेवले होते. या खेपेला जो गठ्ठा हाती घेतला आहे, तो शब्दसमूहांबद्दल एक शब्द गोळा करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अडवतो : जिज्ञासू, मुमुक्षू, मुमूर्षू, जिगीषू, जिजीविषा, पिपासा, बुभुक्षा, युयुत्सू. प्रश्नसंचांत हे शब्द एकमेकांशेजारी पर्याय म्हणून देतात, कारण कानाला ते सारखे वाटतात. पाठांतरावर भिस्त ठेवली की आठवड्याभरात मुमुक्षूचा अर्थ मुमूर्षूला जाऊन चिकटतो. मूळ धातू सापडला, तर तसं होत नाही.

हे सगळे शब्द संस्कृतातल्या एकाच साच्यातून निघाले आहेत. 'अमुक करण्याची इच्छा' सांगायची असेल तर धातूला 'सन्' प्रत्यय लागतो आणि धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. ज्ञा म्हणजे जाणणे, म्हणून जिज्ञासा. पा म्हणजे पिणे, म्हणून पिपासा. शेवटी 'आ' असेल तर ती इच्छा, आणि 'ऊ' असेल तर ती इच्छा असणारा माणूस. त्यामुळे पर्याय बघायच्या आधी मी प्रश्नातला शेवटचा शब्द बघतो. 'जाणून घेण्याची इच्छा' विचारली आहे की 'इच्छा असणारा', एवढ्यावरच कधी कधी दोन पर्याय गळतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे दुहेरी आलेलं पहिलं अक्षर झाकायचं आणि उरलेल्या भागात धातू शोधायचा. पहिल्या अक्षराकडे बघायचंच नाही, कारण ते वेष बदलून येतं. 'क'चा तिथे 'च' होतो, म्हणून कृ पासून चिकीर्षा. 'भ'चा 'ब' होतो, म्हणून भुज् पासून बुभुक्षा. 'ह'चा 'ज' होतो, म्हणून हन् पासून जिघांसा, म्हणजे ठार मारण्याची इच्छा. यातला 'जि' झाकला की 'घां' उरतो आणि लगेच 'घात' आठवतो.

आता एक प्रश्न नीट सोडवून बघू. 'जिंकण्याची इच्छा बाळगणारा' यासाठी पर्याय आहेत जिज्ञासू, जितेंद्रिय, जिजीविषू आणि जिगीषू. चारही 'जि'ने सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीवरून काहीच ठरत नाही. जितेंद्रियमधला 'जित' म्हणजे जिंकलेला. तिथे जिंकून झालं आहे, इच्छेचा भाग उरलेलाच नाही, शिवाय जिंकली आहेत ती इंद्रियं. म्हणून तो बाद. जिज्ञासूचा 'जि' झाकला की 'ज्ञा' दिसतो, तोही बाद. जिजीविषूचा 'जि' झाकला की 'जीव्' स्वच्छ दिसतो, म्हणजे जगू इच्छिणारा. उरला जिगीषू, पण त्यात झाकून बघितलं तर 'गी' उरतं आणि मन गाण्याकडे धावतं.

इथे थोडं थांबायला हवं. 'जि' म्हणजे जिंकणे या धातूचा 'ज' द्वित्वानंतर 'ग' होतो, आणि पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र दिलं आहे. गाण्याचा धातू असता तर रूप 'जिगासा' झालं असतं. आणि मराठी माणसाकडे याचा घरचाच पुरावा आहे : 'विजिगीषू वृत्ती' आपण सर्रास म्हणतो, आणि त्यातला 'वि' तोच जो 'विजय'मध्ये आहे. असा ओळखीचा उपसर्ग लावून बघितला की धातूबद्दलची शंका बऱ्याचदा मिटते.

धातूचं शेवटचं अक्षरही बदलतं, पण ठरलेल्या रीतीने. च् किंवा ज् पुढे 'स' आला की 'क्ष' होतो : मुच् म्हणजे सुटणे, त्यापासून मुमुक्षा, वच् म्हणजे बोलणे, त्यापासून विवक्षा. ध् असेल तर 'त्स' होतो, म्हणून युध् पासून युयुत्सू. ऋकार असेल तर तो 'ईर्' किंवा 'ऊर्' होऊन बसतो. मुमुक्षू आणि मुमूर्षू यांचा घोळ इथेच सुटतो. रफार दिसला की धातू मृ, म्हणजे मरण. रफार नसून 'क्ष' असेल तर मुच्, म्हणजे मोक्ष. याच नियमाने तितिक्षा आणि तितीर्षाही वेगळे होतात : पहिल्यात तिज्, दुसऱ्यात तृ म्हणजे तरून जाणे.

मुमुक्षूच्या प्रश्नात कधी 'साधक' आणि 'सिद्ध' हेही पर्याय असतात. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणं याच क्रमाने चार समासांत सांगितली आहेत. तो क्रम डोक्यात असला की 'मोक्षाची इच्छा करणारा' म्हणजे दुसरी पायरी, हे चटकन कळतं.

मुमूर्षूवर मी बराच रेंगाळलो. साच्याप्रमाणे अर्थ 'मरू इच्छिणारा' असा निघतो, पण शब्द वापरला जातो तो मरणाच्या दारात असलेल्यासाठी, ज्याला जगायचं असेल त्याच्यासाठीसुद्धा. हा वापर मागून घसरलेला नाही. कात्यायनाच्या वार्तिकातच 'आता असं होईल असं वाटतं' या अर्थीही सन् होतो अशी नोंद आहे, आणि उदाहरणं आहेत कोसळायला आलेला नदीचा काठ आणि मरायला टेकलेला कुत्रा. मराठीत आपणही हेच करतो. 'तो निवडणूक लढवू पाहतो' यात इच्छा आहे, पण 'भिंत पडू पाहतेय' म्हणताना भिंतीला कसली इच्छा? मुमूर्षू म्हणजे 'मरू पाहणारा', असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. दोन्ही अर्थ त्यात बसतात. म्हणून प्रश्न 'मरणोन्मुख' असा असेल, तर इच्छेचा अर्थ लावून हा पर्याय खोडू नका.

जिथे ही रीत सरळ फसवते ते शब्द वेगळ्या पानावर घेतले आहेत. गुप्, तिज्, कित् आणि मान्, बध् यांसारख्या काही धातूंना सन् लागतो, पण इच्छेचा अर्थ येत नाही. जुगुप्सा म्हणजे किळस. गुप् म्हणजे रक्षण करणे, म्हणून 'रक्षण करण्याची इच्छा' हा पर्याय दिला तर तो सापळा आहे. तितिक्षा म्हणजे सहनशीलता, चिकित्सा म्हणजे उपचार किंवा बारकाईची तपासणी, मीमांसा म्हणजे सखोल विचार. बीभत्सही याच घरातला. हे पाच पाठच करावे लागतात.

शुश्रूषेचं प्रकरण निराळं आहे. तिथे साचा बरोबर चालतो : श्रु म्हणजे ऐकणे, म्हणून ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकू इच्छिणारा तो आज्ञेत राहतो, आज्ञेत राहणारा सेवा करतो, आणि मराठीत ती सेवा आता रुग्णाचीच उरली आहे. 'रुग्णाची सेवा' विचारलं तर उत्तर शुश्रूषाच, धातू काहीही म्हणो. मात्र लिहिताना हाच धातू उपयोगी पडतो : 'श्रु'चं द्वित्व असल्याने सुरुवात 'शु'ने होते आणि दुसरं अक्षर 'श्रू' दीर्घ असतं. 'सुश्रुषा' असं छापलेलं वरचेवर दिसतं, ते चूक.

सध्या लिप्सा आणि ईप्सा यांवर अडलो आहे. सत्तालिप्सेतली लिप्सा लभ् पासून आली आणि ईप्सा आप् पासून, पण दोन्हींत द्वित्व पुसलं गेलंय, त्यामुळे झाकायला पहिलं अक्षरच नाही. शेवटचा 'प्सा' ही एक खूण आहे, पण जुगुप्साही तिथेच येऊन बसते. पुढच्या नोंदीपर्यंत या बिनद्वित्वाच्या शब्दांची यादी करतोय; 'दित्सा', म्हणजे देण्याची इच्छा, तिसरी मिळाली आहे.