मुक्ताच्या लग्नाच्या अल्बमवर चार ओळी लिहिताना आलेला माझा अनुभव

मुक्ताच्या लग्नाच्या फोटोंची लिंक एकदाची आली आणि अर्ध्या तासात आमच्या ग्रुपवर 'मेड फॉर ईच अदर', 'नांदा सौख्यभरे', 'खूप सुंदर फोटोज' चा पाऊस सुरू झाला. एवढ्यात कोणी अल्बम पूर्ण बघितलेला असणं शक्यच नाही, कारण माझ्याकडे तोवर हळदीचा फोल्डरसुद्धा संपला नव्हता. मला याचाच राग येतो खरं तर. तिने वर्षभर कार्यालय शोधत कर्वे रोड पालथा घातला आणि तुम्ही तिला कीबोर्डने सुचवलेलं वाक्य पाठवता.

तर मी ठरवलं की नेमके क्षण धरून लिहायचं. कानपिळीचं पटकन लिहून झालं, कारण फोटोच तसा आहे, तिचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतोय पण नजर पाकिटावर. सूनमुखाचंही जमलं, आरशात सासूबाई आणि मुक्ता दोघी एकदम हसतायत. सासरकडचा एक तरी क्षण घ्याच बरं का, ती मंडळीही वाचतात.

अडलं ते एका फोटोपाशी. तो मंगलाष्टकांच्या फोल्डरमध्ये नव्हताच, 'डेकोर' मध्ये रांगोळी आणि रुखवताच्या मधे पडला होता. आपल्याकडे बऱ्याच घरी मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नाहीत, त्या वेळात तुळशीला पाणी घालायचं अशी पद्धत आहे ना, तर फोटोत काकू कार्यालयाच्या मागच्या पडवीत तुळशीपाशी एकट्या उभ्या. आम्ही सगळे हॉलमध्ये अक्षता घेऊन आणि मुक्ता अंतरपाटामागे, म्हणजे हे तिनेही पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा लिहिलं, 'काकूंचा तुळशीजवळचा फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं.' वाचलं तर त्यात काकू कुठेच नाहीत, मीच आहे आणि माझं पाणी. मग 'आईची माया शब्दांत सांगता येत नाही' लिहिलं, ते कुठल्याही आईच्या फोटोखाली चालेल, तेही पुसलं. मग मला त्या प्रथेवरच चार शब्द सुनवावेसे वाटले, की जिने मुलीला वाढवलं तिनेच का बाहेर थांबायचं, आणि एक मोठा परिच्छेद टाइप केला पण! मत माझं अजूनही तेच आहे, पण ते काकूंना दारात उभं करून सांगायचं नव्हतं. तो परिच्छेद काढला, चहा केला, आणि फोटो झूम करून नुसतं काय दिसतंय ते बघत बसले.

तेव्हा दिसलं की कुंडी भरून पाणी फरशीवर वाहतंय, तांब्या तरीही तिरकाच धरलेला, कारण काकू तुळशीकडे बघतच नाहीयेत, त्या हॉलच्या दाराकडे बघतायत. आणि डावी मूठ बंद, बोटांच्या फटीतून दोन-तीन लाल तांदूळ डोकावतायत. म्हणजे काकूंनी अक्षता सोबत नेल्या होत्या!

मग हे गेलं: 'मुक्ता, तू अंतरपाटामागे होतीस तेव्हा काकू तुळशीला पाणी घालत होत्या, कुंडी भरून वाहिली तरी घालतच होत्या, लक्ष सगळं हॉलच्या दाराकडे. डाव्या मुठीत अक्षता आहेत, झूम करून बघ.' बस. 'हृदयस्पर्शी' वगैरे शेवटी लिहायला हात शिवशिवत होता, पण झूम करून बघितल्यावर तिला ते कळणारच की. त्या अक्षता तिथूनच टाकल्या का, हे फोटोत नाही म्हणून लिहिलंही नाही, तो अंदाज तिचा तिने करावा.

हो, आधी सांगायचं राहिलं, अल्बम बघताना लगेच टाइप करू नका. सगळा बघून झाला की दुसऱ्या दिवशी न उघडता जे आठवतं तेच घ्या, फक्त तपशील मात्र परत फोटो उघडून तपासा. तीनच्या वर क्षण नकोत, नाहीतर हजेरी घेतल्यासारखं होतं. मी तर जिलबीच्या पंगतीचा इतका गोड फोटो सोडला. पाठवणीतल्या रडण्याबद्दल सगळ्यांसमोर लिहू नका, ते तिला वेगळं पाठवा. आणि 'बारीक दिसतेस' हे कौतुक नाही, कृपया.

रात्री उशिरा मुक्ताचा रिप्लाय आला, 'कुठे आहे हा फोटो?? मला सापडतच नाहीये.' तिने 'डेकोर' उघडलंच नव्हतं, छापायच्या अल्बमसाठी फोटो निवडतानासुद्धा नाही. तेव्हा फोटोचा नंबरही लिहीत जा. मी पाठवल्यावर तिने तो त्याच रात्री फोटोग्राफरला कळवला, यादी बंद व्हायला एकच दिवस उरला होता.