अप्पांचा जपानी फोन मराठीत आणला, पुण्यात बसून

माझा आतेभाऊ जपानहून सुट्टीला आला आणि जाताना त्याचा जुना अँड्रॉइड फोन अप्पांना देऊन गेला. फोन चांगला, पण सगळा जपानीत. अप्पा सांगलीत विश्रामबागला, मी पुण्यात. शेजारच्या पोराने व्हॉट्सॲप चालू करून दिलं होतं, म्हणून फोटो तरी येत होते. पॉवर आणि आवाज कमीचं बटण एकदम दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा एवढं त्यांना शिकवलं. तो घेताना खटकन कॅमेऱ्यासारखा आवाज व्हायचा, त्याने ते दरवेळी दचकायचे. जपानात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनला कॅमेऱ्याचा आवाज बंदच करता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पहिला स्क्रीनशॉट आला तो मी गुगल लेन्समधून भाषांतर करून तसाच परत पाठवला. अप्पांचा फोन लगेच, "अगं, तू पाठवलेल्यात अक्षरं मराठी, माझ्यात सगळ्या काड्या, कुठलं दाबू?" बरोबरच होतं त्यांचं. लेन्स मूळ अक्षरांवर भाषांतर चिकटवतं, म्हणजे समोरच्याच्या स्क्रीनवर जे दिसतंय तेच झाकून जातं. भाषांतर आपल्याला समजायला ठीक, पण ज्याला बटण दाबायचंय त्याला मूळ चित्रच लागतं. मग मी पद्धत बदलली: लेन्स फक्त माझ्यासाठी, तेही इंग्रजीत, म्हणजे माझ्या फोनच्या मेनूशी ताडून बघता येतं. आणि अप्पांना त्यांचाच मूळ स्क्रीनशॉट, त्यावर पेनने एकच लाल गोल आणि बाजूला मराठीत "इथं". एका चित्रात एकच गोल, दोन असले की घोळ.

रस्ता असा होता. सेटिंग्ज म्हणजे 設定, दातेरी चाकाचं चित्र, ते अप्पांना लगेच सापडलं. पुढचं システム म्हणजे सिस्टीम. हे यादीत शेवटाकडे असतं, म्हणून मी वरून मोजायला सांगितलंच नाही, कारण वरती फोन कधी कधी काहीतरी सूचना दाखवतो आणि सगळ्या ओळी खाली सरकतात. "खालपर्यंत ओढा, थांबलं की शेवटून वर बघत या, गोलात इंग्रजी आय काढलंय ते." त्याच्या खालच्या बारीक ओळीत 言語 ही दोन अक्षरं आहेत का ते बघायला लावलं. 言語 म्हणजे भाषा, आणि पुढे सगळीकडे हीच दोन अक्षरं येतात: आत गेल्यावर 言語と入力, त्यात 言語, त्यात अधिकच्या खुणेपुढे 言語を追加, म्हणजे भाषा जोडा. म्हणून ही दोन अक्षरं मोठी करून वेगळा फोटो पाठवला, तो त्यांनी स्वतःच्या आधीच्या फोनवर उघडून शेजारी ठेवला आणि जुळवत गेले. जपानी वाचता यायची गरजच नाही, आकार जुळला की झालं.

एक भीती मात्र होती. त्याच सिस्टीमच्या पानावर खाली リセット पण असतं, म्हणजे रिसेट, त्यातून अख्खा फोन पुसता येतो. एका दाबण्यात काही जात नाही, तो परत विचारतो आणि पिन मागतो, पण जपानीत विचारलेलं अप्पांना काय कळणार! म्हणून 初期化 आणि 消去 हे दोन शब्द लाल फुली मारून पाठवले, हे दिसलं की मागे या, आणि फोनने पिन मागितला तर काहीही न करता आधी मला फोन करा.

भाषा जोडायच्या पानावर गेले आणि अप्पा एकदम खूश, कारण तिथं प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत लिहिलेलं असतं. खूप लांब यादी, पण ओढत ओढत "मराठी दिसलं गं!" तिथून माझी गरजच उरली नाही असं वाटलं, पण मराठी दाबूनही फोन जपानीच राहिला. अँड्रॉइडमध्ये यादीत जी भाषा पहिल्या नंबरला तीच फोन वापरतो, आणि नवीन भाषा खाली जाऊन बसते. मराठीच्या उजव्या बाजूला दोन आडव्या रेघा असतात, त्यावर बोट दाबून धरून ओळ वर न्यायची. बोट नुसतं टेकवून सोडलं तर काही होत नाही, यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी गेली वर आणि स्क्रीन मराठी झाली. जपानी मी लगेच काढायला लावली नाही, तशी ती खाली असून काही बिघडत नाही.

तरी दोन गोष्टी उरल्या. कीबोर्ड जपानीच उघडत होता, तिथं पृथ्वीगोलाचं बटण दाबून मराठी आणायला सांगितलं. आणि तिकडच्या मोबाईल कंपनीची आधीपासून घातलेली ॲप्स जपानीच राहिली, ती भाषा बदलून बदलत नाहीत. पुढच्या रविवारी सांगलीला जाईन तेव्हा ती बंद करून टाकणार आहे.