चांदणी नसलेला रिपोर्ट

ही केस मी स्लाइडच्या बॉक्समध्ये अजून वेगळी ठेवली आहे. रुग्ण 36 वर्षांची शिक्षिका. जिना चढताना धाप, केसगळती, रात्री अंथरुणावर पडलं की पाय सतत हलवावेसे वाटणं. हिमोग्लोबिन 12.4. बायकांमध्ये 12 च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, म्हणून तिला दोन ठिकाणी "रक्त चांगलं आहे, ताण कमी करा" असं सांगून परत पाठवलं होतं.

पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्यासमोर माणूस क्वचितच येतो, येतं ते सॅम्पल. तिच्या सीबीसीमध्ये, आकडा रेंजबाहेर असल्याची खूण म्हणून छापतात ती चांदणी एकाच आकड्यापुढे होती: आरडीडब्ल्यू 15.9. पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, 81 होता, नॉर्मलच्या अगदी कडेला. या जोडीकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि मला त्याचा राग येतो. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. शरीरात लोह कमी पडू लागलं तरी ते पुरेसं असताना बनलेल्या चांगल्या पेशी अजून फिरत असतात आणि त्यांच्यात नव्या, लहान पेशी मिसळत जातात. सरासरी बराच काळ ठीक दिसते, पण लहानमोठेपणातली तफावत आधी वाढते. आरडीडब्ल्यू तीच तफावत मोजतो.

स्लाइड काढली. बहुतेक पेशी नीट होत्या. मधूनमधून मात्र एखादी लहान, मधला फिकट भाग जरुरीपेक्षा मोठा झालेली, आणि दोनचार लांबट, पेन्सिलसारख्या. मशीनच्या सरासरीत या पेशी बुडून जातात.

तिच्या डॉक्टरांना फोन करून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि लोहाच्या बाकीच्या तपासण्या मागवून घेतल्या. सकाळी, उपाशीपोटी, लोहाची गोळी सुरू नसताना, कारण रक्तातलं लोह दिवसभरात बरंच वरखाली होतं. सोबत शरीरातली सूज दाखवणारं सीआरपीही केलं. शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन फुगतं आणि साठा आहे असा भास होतो. सीआरपी नॉर्मल आलं, फेरिटिन 11.

आणि त्या 11 पुढे चांदणी नव्हती! आमच्या रिपोर्टवर छापलेली रेंज 10 पासून सुरू होत होती. ज्या 'निरोगी' बायकांवरून अशा रेंज ठरतात, त्यांच्यातल्या कित्येकींचा साठा आधीच संपलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये 15 च्या खाली लोहाची कमतरता मानते, आणि अनेक तज्ज्ञ 30 च्या खालीच सावध होतात. रक्तात मिलिलिटरमागे फेरिटिनचा एक नॅनोग्रॅम म्हणजे साठ्यातलं साधारण 8 मिलिग्रॅम लोह. या हिशोबाने तिच्याकडे जेमतेम 90 मिलिग्रॅम उरलं होतं.

लोह कमी होतं ते टप्प्याटप्प्याने. आधी साठा आटतो. तेव्हा फक्त फेरिटिन घसरतं, रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला पुरवठा चालू असतो. मग पुरवठाच तुटपुंजा होतो आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन रिकामं फिरू लागतं. तिचं सीरम लोह 42 आणि टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह धरून ठेवण्याची एकूण क्षमता, 410; त्यातली भरलेली जागा, म्हणजे सॅच्युरेशन, 10 टक्के. 16 च्या खाली गेलं की मज्जेची उपासमार सुरू झाली असं समजायचं. ती या दुसऱ्या टप्प्यात होती. तिसऱ्यात हिमोग्लोबिन 12 च्या खाली येतं, आणि आपली व्यवस्था जागी होते ती तिथे.

तिच्या जुन्या फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीचं हिमोग्लोबिन 13.9 सापडलं. म्हणजे 12.4 ही तिच्या स्वतःच्या पातळीवरून दीड ग्रॅमची घसरण होती. दोन रिपोर्ट शेजारी ठेवायला मिनिटही लागत नाही, तरी कुणी ठेवले नव्हते.

लोह जात कुठे होतं? पाळीत गाठी पडतात, हे तिने विचारल्यावरच सांगितलं. जास्त रक्तस्राव म्हणजे पाळीला 80 मिलिलिटरच्या वर. तेवढ्यातच 30-35 मिलिग्रॅम लोह जातं, आणि आतडं दिवसाला शोषतं एक ते दोन मिलिग्रॅम, ज्यातलं एक रोजच्या झिजेतच संपतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड निघाला.

डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. रोज घेतली तर लोहाचं शोषण रोखणारं हेपसिडिन हे संप्रेरक वाढून पुढच्या डोसचं शोषण घटतं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 13.7, फेरिटिन 34, आणि पायांची वळवळ बरीच कमी. हिमोग्लोबिन सव्वा ग्रॅमने वर गेलं, तेव्हा ते आधीचं 'नॉर्मल' तिच्यासाठी नॉर्मल नव्हतं, हे कागदावर आलं.

आता गोळी थांबवायची की नाही, यावर तिचे डॉक्टर आणि मी अजून बोलतो आहोत. फायब्रॉइडवर निर्णय झालेला नाही, आणि तो आहे तोवर 34 टिकेल असं मला वाटत नाही. आमच्या रिपोर्टवरची रेंज बदलण्याचा अर्ज मी दिला आहे. तोवर 30 च्या खालच्या प्रत्येक फेरिटिनखाली मी हाताने शेरा लिहिते: हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी सॅच्युरेशन पाहावं, रक्तस्रावाची चौकशी करावी.