एरिथ्रिटॉलच्या बातमीतला ‘मुळे’

बातमी माझ्याकडे तपासायला आली तेव्हा तिचं भाषांतर पूर्ण झालं होतं. मथळा होता, ‘साखरेचा पर्याय देतोय हार्ट अटॅकला निमंत्रण’. पहिलं वाक्य असं: ‘एरिथ्रिटॉल या स्वीटनरमुळे हृदयविकाराचा धोका दुपटीनं वाढतो, हे संशोधनातून सिद्ध झालं आहे.’ मराठी म्हणून वाक्यात काही खोट नव्हती. पण ‘मुळे’, ‘दुपटीनं’, ‘वाढतो’ आणि ‘सिद्ध’ या चारही शब्दांखाली मला लाल रेघ मारावी लागली. मूळ इंग्रजीत हा अर्थ नव्हता. तिथं फक्त ‘असोसिएटेड विथ इन्क्रीज्ड रिस्क’ होतं.

हे संशोधन 27 फेब्रुवारी 2023 रोजी ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालं. भाषांतर मात्र वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून केलेलं होतं. अशा वेळी मी आधी मूळ शोधनिबंधाचा सारांश उघडते, कारण बातमीत राहून जाणारी माहिती बहुतेकदा तिथेच असते: मोजलं काय, कुणाचं मोजलं, आणि कुणाची तुलना कुणाशी केली. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की क्रियापद कोणतं वापरायचं हे आपोआप ठरतं.

इथं मोजलं होतं ते रक्तातलं एरिथ्रिटॉल. कोण किती स्वीटनर खातं याची ही मोजणी नव्हती. हा फरक मोठा आहे, कारण एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही थोडंफार बनवतं. म्हणजे रक्तात ते जास्त असण्याचं कारण खाण्यात असू शकतं किंवा चयापचयातल्या बिघाडात, आणि तोच बिघाड हृदयालाही त्रास देणारा असू शकतो. मोजणी झाली ती हृदयाच्या तपासण्यांसाठी आलेल्या रुग्णांची. पहिल्या गटात 1,157 जण होते. मग निष्कर्ष पडताळण्यासाठी अमेरिकेतले 2,149 आणि युरोपातले 833 जण घेतले. रक्तातल्या प्रमाणानुसार त्यांचे चार भाग पाडले आणि सर्वांत वरच्या चतुर्थांशाची तुलना सर्वांत खालच्या चतुर्थांशाशी केली. तीन वर्षांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण वरच्या भागात अमेरिकी गटात 1.80 पट आणि युरोपीय गटात 2.21 पट आढळलं.

‘दुपटीनं’ आलं ते इथून. पण स्वीटनर खाणारे आणि न खाणारे अशी तुलना कुणी केलेलीच नव्हती. शिवाय अमेरिकी गटातल्या 1.80 या आकड्याचा विश्वासार्हता पल्ला 1.18 ते 2.77 असा होता. सोप्या भाषेत, खरा फरक 18 टक्क्यांच्या आसपास असू शकतो किंवा 177 टक्क्यांच्या. एवढा रुंद पल्ला असताना ‘दुप्पट’ म्हणणं म्हणजे अंदाजाला मापाचा दर्जा देणं. (‘1.80 पट’चं ‘80 टक्के लोकांना’ झालेलंही मी पाहिलं आहे. ते चुकीच्याही पलीकडचं.)

आता ‘वाढतो’. या शब्दावर सहकाऱ्याचा आणि माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. तो म्हणाला, “मॅडम, इंग्रजीत ‘इन्क्रीज्ड रिस्क’ आहे. मग ‘वाढतो’ का नको?” प्रश्न रास्त होता. इंग्रजीतलं ते विशेषण संशोधनाच्या भाषेत बऱ्याचदा ‘दुसऱ्या गटापेक्षा जास्त’ एवढाच अर्थ देतं. मराठीत ‘धोका वाढतो’ म्हटलं की वाचक एकच माणूस डोळ्यासमोर आणतो: काल त्याचा धोका कमी होता, त्यानं काहीतरी खाल्लं आणि आज तो जास्त झाला. ‘वाढणं’ ही काळात घडणारी गोष्ट आहे. संशोधनातली तुलना मात्र दोन वेगवेगळ्या माणसांच्या गटांमधली होती. तिथं ‘जास्त होता’ किंवा ‘अधिक आढळला’ हेच बरोबर. ‘वाढतो’ काढून ‘अधिक आढळला’ केलं की कार्यकारणाचा निम्मा वास निघून जातो.

उरलेला निम्मा ‘मुळे’मध्ये असतो. या शब्दयोगी अव्ययात ‘मूळ’च बसलेलं आहे, त्यामुळे ते सौम्य करता येत नाही. ‘एरिथ्रिटॉलमुळे धोका असू शकतो’ असं लिहून काहीजण सावधगिरी साधली असं मानतात, पण तिथं शंका घेतली जाते ती परिणाम होईल की नाही याची. कारण कोणतं, हे ‘मुळे’नं आधीच ठरवून टाकलेलं असतं. ‘ठरू शकते घातक’, ‘जिवावर बेतू शकते’ ही मथळ्यांची लाडकी वळणं याच जातीची. ‘निमंत्रण’ तर त्याहून पुढचं, कारण निमंत्रण देणारा कुणीतरी असावा लागतो.

मग ‘असोसिएटेड विथ’साठी काय लिहायचं? शब्दकोश ‘शी संबंधित’ किंवा ‘शी निगडित’ सुचवतो. ‘एरिथ्रिटॉल हृदयविकाराशी संबंधित आहे’ हे वाक्य चूक नाही, पण वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. आणि ज्याला कळतं त्याला ‘यामागे त्याचा हात आहे’ असंच कळतं. मला सर्वांत उपयोगी पडतं ते मराठीतलं जे-ते वाक्य: ‘ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त होतं, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाण अधिक आढळलं.’ यात कारणाचा शब्दच नाही, तरी वाक्य ठणठणीत आहे. मोजलं काय, कुणाचं आणि किती काळ, हेही त्यातच येतं. इंग्रजीतलं नाम फोडून त्याची मराठी घटना केली की सावधपणा वेगळा चिकटवावा लागत नाही.

याच निबंधात दुसरा भाग प्रयोगशाळेचा होता, आणि तिथं मला उलट दुरुस्ती करावी लागली. माझी पहिली टीप वाचून सहकाऱ्यानं सगळीकडेच ‘संबंध आढळला’ करून टाकलं होतं. पण संशोधकांनी एरिथ्रिटॉल प्रत्यक्ष देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स अधिक सक्रिय झाल्या आणि उंदरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा वेग वाढला. इथं बदल संशोधकांनी स्वतः केला आणि परिणाम पाहिला. म्हणून या वाक्यात ‘मुळे’ चालतं, किंबहुना तेच हवं. फक्त ‘प्रयोगशाळेत’ आणि ‘उंदरांमध्ये’ हे शब्द त्याच वाक्यात, ‘मुळे’च्या आधी आले पाहिजेत. चार परिच्छेद खाली ढकललेला उंदीर कुणी वाचत नाही. जिथं पुरावा कारणाचा आहे तिथं ‘संबंध’ लिहिणं हीदेखील चूकच. ‘धूम्रपानाचा फुप्फुसांच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो’ असं आज लिहिणं खोट्या सावधपणाचं होईल.

तिसरा भाग सर्वांत घसरडा होता. आठ निरोगी स्वयंसेवकांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेलं पेय दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातली पातळी दोन दिवसांहून अधिक काळ चढी राहिली. भाषांतरात याचं ‘एका पेयानं दोन दिवस गुठळीचा धोका’ झालं होतं. त्या आठ जणांत पाहिलं गेलं ते रक्तातलं प्रमाण. हे प्रमाण प्रयोगशाळेत प्लेटलेट्सवर परिणाम करणाऱ्या पातळीच्या वर होतं, एवढंच निबंध सांगतो. एका भागातला परिणाम आणि दुसऱ्या भागातली माणसं यांची सांधेजोड भाषांतरात झाली होती. आम्ही ते वाक्य दोन तुकड्यांत मोडलं.

यावर सहकाऱ्यानं विचारलं, “पण तीनही भाग एकाच दिशेला बोट दाखवतायत. मग सरळ म्हटलं तर काय बिघडलं?” मी त्याला बीटा कॅरोटीनचं उदाहरण दिलं. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त, त्यांच्यात फुप्फुसांचा कर्करोग कमी, असं निरीक्षणांतून वारंवार दिसत होतं. ते पेशींना कसं वाचवत असेल याची पटण्यासारखी कारणमीमांसाही होती. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली. कुणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. दिशाच उलटी. निरीक्षणात भाजी-फळं खाणारी माणसं आणखी बऱ्याच बाबतींत वेगळी असतात. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशोब संशोधक आकडेमोडीत वजा करतात, पण जे मोजलंच नाही ते वजा कसं करणार? एरिथ्रिटॉलच्या बाबतीत आणखी एक शक्यता उरते: मधुमेहाच्या किंवा वजनाच्या भीतीनं माणूस आधीच साखर सोडून स्वीटनरकडे वळलेला असतो. तेव्हा आजार आधी आणि स्वीटनर नंतर.

‘सिद्ध झालं आहे’च्या जागी ‘आढळलं’ आलं. संशोधकांनी शेवटी लिहिलं होतं की एरिथ्रिटॉलच्या दीर्घकालीन सुरक्षिततेचा अभ्यास होणं आवश्यक आहे. ते वाक्य भाषांतरातून गळलं होतं, ते दुसऱ्या परिच्छेदात आणलं. तळाशी ठेवलं तर जागेअभावी पहिली कात्री तिथंच लागते. ‘असू शकण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं तिहेरी कुंपणही एका जागी होतं. ते काढून ‘शक्यता आहे’ केलं. एका वाक्यात शंका एकदाच घ्यावी, नाहीतर वाचकाला ती लेखकाची पळवाट वाटते.

मथळा शेवटी असा गेला: ‘रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हृदयविकार अधिक, स्वीटनरच कारण का, हे अस्पष्ट’. लांब आहे आणि चटका देणारा नाही, हे मलाही मान्य. पानावर तो दोन ओळींत बसला.

संध्याकाळी मोबाइलवर आमचीच सूचना वाजली: ‘एरिथ्रिटॉलमुळे हार्ट अटॅक? वाचा...’ बातमी दुरुस्त झाली होती, पण सूचनेची ओळ दुसऱ्या टीमनं जुन्या मसुद्यावरून स्वतंत्रपणे लिहिली होती. प्रश्नचिन्ह लावलं म्हणून ‘मुळे’ निघून जात नाही. त्यानंतर तपासलेल्या प्रत्येक आरोग्य बातमीसोबत सूचनेची ओळही मीच लिहून पाठवते. पस्तीस-चाळीस अक्षरांत जे-ते वाक्य बसत नाही, म्हणून तिथं निष्कर्ष न देता फक्त विषय देते: ‘एरिथ्रिटॉल आणि हृदय: नव्या अभ्यासात काय दिसलं?’