तुम्ही विचारलंत म्हणून: टिन-१३२ आणि माझे अठ्ठेचाळीस

"मॅडम, ५० आणि ८२ दोन्ही मॅजिक नंबर. मग टिन-१३२ मध्ये दोन्ही असूनही ते चाळीस सेकंदांत निम्मं कसं संपतं? शेल मॉडेल चुकीचं आहे का?"

नाही. केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या जिन्याच्या पायऱ्या, म्हणजे कवचं, भरत जातात असं सांगणारं हे मॉडेल चुकीचं नाही. चूक "स्थिर" या शब्दाची आहे, आणि तो शब्द वर्गात सर्रास वापरणाऱ्या माझ्यासारख्यांची. जादुई आकडा म्हणजे अमरपट्टा नव्हे. त्या आकड्यापाशी जिन्याची एक पायरी संपते आणि पुढची पायरी बरीच उंच असते, एवढंच तो सांगतो. ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असलेल्या टिन-१३२ मधून एक न्यूट्रॉन उपटून काढायचा तर सुमारे ७.३ एमईव्ही ऊर्जा लागते. त्याच टिनमध्ये ८३वा न्यूट्रॉन घाला, तो काढायला जेमतेम २.४ पुरते. आधीच्या ८२ जणांना पक्क्या जागा मिळाल्या आहेत आणि हा पायरीच्या काठावर बसलाय. जादू म्हणतात ती हीच.

पण न्यूट्रॉनला केंद्रकाबाहेरच पडावं लागतं असं कुठे आहे? तो जागच्या जागी प्रोटॉन होऊ शकतो. टिनची स्थिर समस्थानिकं १२४ वर संपतात. १३२ मध्ये आणखी आठ न्यूट्रॉन कोंबलेले आहेत आणि त्यांचा जिना खूप वरपर्यंत भरलाय. प्रोटॉनच्या जिन्यात मात्र ५० नंतरच्या, मोठी फट ओलांडून असलेल्या रिकाम्या जागासुद्धा त्याहून खाली आहेत. मग वरचा न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन तिथे उतरतो आणि टिनचं अँटिमनी होतं. दोन्ही कवचं भरलेली असूनही हे घडतं, कारण बंद कवच स्वतःच्या जिन्याची पायरी सांगतं. शेजारच्या जिन्याशी तुलना ते करत नाही.

हे मी आज सहज लिहितेय. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला ते लिहिता आलं नव्हतं, आणि या प्रश्नावर मी चिडते त्याचं मूळ तिथे आहे.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "फळ्यावर जा, ५० काढून दाखवा." मी आत्मविश्वासानं सुरुवात केली. केंद्रक म्हणजे वाटीच्या आकाराचा खड्डा धरायचा, त्यात गोल गोल स्तर, आणि प्रत्येक स्तर भरला की आकडे येतात २, ८, २०, ४०, ७०, ११२. पहिले तीन बरोबर, पुढचे सगळे चूक. इथपर्यंत पाठ होतं. पुढचंही पाठ होतं, की कणाचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि कक्षेतलं फिरणं यांची सांगड धरायची, म्हणजे स्पिन-ऑर्बिट घालायचं. त्यामुळे स्तरांतले, कक्षेत फिरणाऱ्या कणांच्या जागांचे गट दोन-दोन तुकड्यांत फुटतात. एफ गटाच्या १४ जागा ८ आणि ६ अशा, जी गटाच्या १८ जागा १० आणि ८ अशा, एच गटाच्या २२ जागा १२ आणि १० अशा. त्यातला एक तुकडा खाली सरकून खालच्या पायरीला जाऊन मिळतो.

कुठला तुकडा? अणूत इलेक्ट्रॉनसाठी दोन्ही फिरणी एकमेकांविरुद्ध असतात तो स्तर खाली असतो, हे मला बीएस्सीपासून मुखोद्गत. मी तोच, म्हणजे लहान तुकडा, खाली ओढला. २० अधिक ६, ४० अधिक ८, ७० अधिक १०. फळ्यावर ठसठशीत लिहिलं: २६, ४८, ८०.

ते गप्प बसले. मग म्हणाले, "प्रत्येक ठिकाणी बरोब्बर दोन कमी आहेत. का?" मला का ते कळलं नाही. जे केलं ते आजही आठवलं की कान गरम होतात: मी माझं २६ वाचवायला गेले. "सर, २६ म्हणजे लोखंड. लोखंड सगळ्यांत स्थिर असतंच ना?"

"लोखंडाची स्थिर समस्थानिकं किती?"
"चार."
"टिनची?"
"दहा."
"मग पन्नास कुठे गेलं?"

मी डस्टर हातात घेतलं, पुसलं काहीच नाही.

त्यांनी दिलेलं उत्तर दोन वाक्यांचं होतं. केंद्रकात चिन्ह उलटं असतं, म्हणजे दोन्ही फिरणी एका दिशेला असलेला मोठा तुकडा खाली जातो, आणि हा परिणाम अणूतल्यासारखा चिमूटभर नसतो, तो केंद्रकीय बलातूनच येतो. मोठ्या आणि लहान तुकड्यात नेहमी दोनच जागांचा फरक, म्हणून माझे सगळे आकडे दोन-दोननं कमी. मोठे तुकडे घ्या: २० अधिक ८, ४० अधिक १०, ७० अधिक १२, ११२ अधिक १४. २८, ५०, ८२, १२६. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर आणि तिकडे जर्मनीत येन्सेन व त्यांचे सहकारी १९४९ मध्ये याच हिशोबापाशी पोचले. मायर यांना त्याआधी फर्मींनी विचारलं होतं, स्पिन-ऑर्बिटचं काही चिन्ह दिसतंय का? हे त्यांनी शोधनिबंधात आभारासह लिहिलंय. मलाही तोच प्रश्न विचारला गेला होता म्हणायचं, फक्त माझं चिन्ह उलटं निघालं.

लोखंडाचा बचाव तर दुप्पट चुकीचा होता. प्रत्येक कणामागे बंधनऊर्जा सर्वांत जास्त असणं ही पृष्ठभाग आणि विद्युत प्रतिकर्षण यांच्यातली तडजोड आहे. पायरीशी तिचा थेट संबंध नाही. जादुई केंद्रक ओळखायचं तर त्याच्या लगतच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहायचं.

याचा पुरावा आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत आहे. जाळीत थोरियम असतं. ती डिटेक्टरसमोर ठेवून तासभर थांबलं की गॅमा वर्णपटाच्या डावीकडे शिखरांची दाटी होते आणि उजव्या टोकाला एकच एकटं शिखर उभं राहतं, २६१४ केईव्हीला. थोरियमच्या साखळीच्या शेवटी शिसं-२०८ तयार होतं, ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, आणि त्याच्या पहिल्या उत्तेजित पायरीवरून खाली उतरताना हा किरण निघतो. दोन न्यूट्रॉन कमी असलेल्या शिसं-२०६ ची पहिली पायरी ८०३ केईव्हीला आहे. दोन न्यूट्रॉनांनी पायरी तिपटीहून उंच होते! मुलं विचारतात, "एवढं लांब का आहे ते?" मी म्हणते, हाच तुमचा १२६.

आता मी स्वतःला जे वर्षानुवर्षं सांगत आले ते: आकडे चिन्हासकट नीट मोजले की प्रश्न मिटला. तसं सांगणाऱ्या त्या बाईशी आज माझं पटत नाही. ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, ऑक्सिजन-२८, माझ्या हिशोबानं दोन्हीकडून जादुई. २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ते पहिल्यांदा दिसलं, आणि दिसलं ते चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ होतानाच. टिन-१३२ चं एक वेळ समजतं, त्याच्या पायऱ्या तरी जागेवर असतात. इथे २० ची पायरीच नाही. उलट १६ न्यूट्रॉनांचा ऑक्सिजन-२४ दुहेरी जादुई असल्यासारखा वागतो. कारण असं देतात की सिलिकॉनसारख्या केंद्रकात डी गटातले प्रोटॉन न्यूट्रॉनांचा शेवटचा तुकडा खाली ओढून धरतात. ऑक्सिजनमध्ये ते प्रोटॉनच नाहीत, म्हणून तो तुकडा वर राहतो, २० ची फट बुजते आणि १६ ला उघडते.

म्हणजे आकडे पाठ करायचे की नाहीत? परीक्षेसाठी करा, गुण माझ्याच हातात आहेत. पण मागच्या आठवड्यात एका मुलीनं फळ्यावर २, ८, १६ लिहिलं, आणि मी "चूक" म्हणायला तोंड उघडून थांबले. तिला विचारलं, "कुठल्या केंद्रकासाठी?" तिला ते सांगता आलं नाही. मी तिला अर्धा गुण दिला. तो द्यायला हवा होता की नाही, हे अजून ठरत नाही.