तुम्ही विचारलंत म्हणून: रेग्युलरमध्ये साचलेल्या पैशांचं काय?

"फंड माझे मीच निवडतो. मग म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधलं जुनं सगळं आजच डायरेक्टमध्ये टाकून मोकळा होऊ का?"

नवी एसआयपी आजच डायरेक्टमध्ये सुरू करा आणि जुनी थांबवा. साचलेले पैसे मात्र टप्प्याटप्प्याने हलवा.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन आहे. शेअर्स तेच, फंड मॅनेजरही तोच. फरक रेग्युलरमधल्या वितरकाच्या कमिशनचा, आणि ते दरवर्षी तुमच्याच पैशांतून जातं. समजा, रेग्युलरचा खर्च १.७ टक्के आणि डायरेक्टचा ०.७ टक्का आहे. आठ लाखांवर वर्षाला साधारण आठ हजार रुपये, तेही ज्या सल्ल्याची तुम्हाला गरज नाही त्यासाठी. मला हे पटत नाही.

पण असं हलवणं, म्हणजे स्विच, ही कायद्याच्या दृष्टीने विक्री आणि नवी खरेदी. पैसे बँकेत आले नाहीत तरी कर लागतो. इक्विटी फंडातल्या त्या आठ लाखांत पाच लाख मुद्दल आणि तीन लाख नफा आहे, सगळी युनिट्स वर्षाहून जुनी आहेत, असं धरू. एकाच आर्थिक वर्षात सगळं हलवलं तर त्या वर्षाची सव्वा लाखाची सूट जाऊन पावणेदोन लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे २१,८७५ रुपये कर आणि वर सेस. तेच सव्वा लाख नफ्याइतकी युनिट्स मार्चमध्ये, तेवढ्याच नफ्याची एप्रिलमध्ये आणि उरलेली पुढच्या एप्रिलमध्ये हलवली, तर आजच्या नियमाने कर शून्य. इतर शेअर-फंडांच्या विक्रीतून नफा झाला असेल तर तो याच सुटीत मोजावा लागतो.

युनिट्स जुन्यापासून क्रमाने विकली जातात आणि जुन्यांत नफा जास्त असतो. त्यामुळे निम्मी युनिट्स म्हणजे निम्मा नफा, असा हिशेब चुकतो.

शेवटच्या बारा हप्त्यांना हात लावू नका. मी एका संध्याकाळी सगळा फोलिओ एकदम स्विच केला. ताज्या हप्त्यांवर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, कापला गेला, शिवाय त्यांचा नफा अल्पकालीन ठरला. आता त्यावर २० टक्के कर आहे. ईएलएसएस या करबचतीच्या फंडाचे हप्ते तर तीन वर्षं हलतच नाहीत. आणि स्विचनंतर मिळालेल्या युनिट्सचं वय पुन्हा शून्यापासून मोजलं जातं, म्हणून वर्षभरात लागणारे पैसे उगाच हलवू नका.

डायरेक्टची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जास्त असते, म्हणून युनिट्स कमी मिळतात. त्याने घाबरू नका, रक्कम तीच असते.

काम झाल्यावर स्टेटमेंटमध्ये योजनेचं नाव शेवटपर्यंत वाचा. तिथे `Direct Plan` दिसलं पाहिजे. नुसता वितरकाचा एआरएन कोड काढून घेतला तर जुनी युनिट्स रेग्युलरमध्येच राहतात आणि जास्तीचा खर्च कापला जातच राहतो.